दिंद्रुडचे आप्पा शेतकरी नव्हते

दिंद्रुडात कुणी उठून म्हटलं असतं की विरुपाक्षआप्पा मिटकरी हे शेतकरी नाहीत, तर ऐकणाऱ्याने त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. आप्पांचं दुकान पेठेच्या तोंडाशी. किराणा होताच, पण खरी गर्दी बी-बियाणं, कासरे, पेंड आणि फवारणीच्या औषधांना. मृग कोरडा गेला तर पहिली शिवी आप्पांच्या ओट्यावर बसून दिली जायची, आणि कपाशीवर बोंडअळी दिसली की शेंडा खुडून तो आधी आप्पांच्या काऊंटरवर यायचा, मग कृषी अधिकाऱ्याकडे. कुणाच्या वावरात काळी माती किती खोल आणि मुरूम कुठे लागतो, हे त्या वावराच्या मालकाआधी आप्पांना ठाऊक. शिवाय गावच्या सेवा सोसायटीचे ते जुने सभासद, दोनदा संचालक. दुष्काळात छावणीची पेंड आणि वैरण कुणाच्या दावणीला किती जाते, यावर नजर ठेवायला लोकांनी आप्पांनाच बसवलं होतं. कारण काय, तर माणूस तिरसट आहे पण हात स्वच्छ आहे.

तिरसट तर होतेच. उधारी मागायला आलेल्याला आधी शिव्या आणि मग बी, हा त्यांचा शिरस्ता. पण उधारीपायी कधी कुणाचं काही लिलावात काढलं नाही, आणि कुणाच्या रानावर डोळा ठेवला नाही. याचा त्यांना गर्व होता, आणि का नसावा? चार पिढ्यांच्या दुकानदारीत एवढं कमावलेलं थोडं नाही.

त्यांचं स्वतःचं वावर होतं. म्हणजे वडिलांचं होतं, गावाच्या पूर्वेला, कडुलिंबाच्या झाडाचं. वडील गेल्यावर दोघा भावांची नावं वारस म्हणून लागली. मग घरात बसून, एकही चढा शब्द न बोलता वाटणी झाली. दुकान थोरल्याला, वावर धाकट्या मल्लिकार्जुनला. लिंगायतांच्या दुकानदार घरांत ही पद्धत काही नवी नव्हती. थोरल्याने तराजू धरायचा आणि धाकट्याने तिफण. आप्पांनी हक्कसोडपत्रावर सही ठोकली आणि त्याच दिवशी दोघा भावांनी एका ताटात जेवण केलं.

एकट्या जगदेवीने तेव्हा तोंड उघडलं होतं. जगदेवी म्हणजे आप्पांची बायको. दिवसातून तीन वेळा आप्पांशी भांडायची आणि चौथ्यांदा स्वतःच हसायची, अशी बाई.

"समदं कावून देता? एक एकर तरी नावावर ठेवा," ती म्हणाली होती.

"मला काय करायचं वावर? तराजू हेच माझं वावर," आप्पा म्हणाले. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की पुढे कितीतरी वर्षं ते गिऱ्हाइकांनाही ऐकवत राहिले.

जगदेवी गेली तेव्हा समाधी कुठे द्यायची, हे मल्लिकार्जुनने विचारलंसुद्धा नाही. लिंगायतांत माणूस जाळत नाहीत, मातीत बसवतात. ज्याचं वावर असेल तो आपल्या वावरात समाधी देतो, नसेल तो गावच्या रुद्रभूमीत. मल्लिकार्जुनने लिंबाखाली खड्डा घ्यायला लावला, विधीसाठी जंगमाला, लिंगायतांच्या पुरोहिताला, बोलावलं, आणि वहिनीला घरच्या मातीत बसवलं. तेव्हापासून दर सोमवारी दुकान उघडण्याआधी आप्पा लिंबाखाली जायचे, बेलाचं पान ठेवायचे आणि गेल्या आठवड्यात कोण काय बोललं ते जगदेवीला सांगून यायचे. आपली जागाही तिच्याशेजारीच, हे त्यांनी धरून चाललं होतं. धरून चालण्यासारख्या गोष्टी माणूस बोलून दाखवत नाही, तसंच हे.

मग दोन हजार सोळाचा उन्हाळा आला. माजलगावच्या धरणाच्या तळाची माती भेगाळली, कालव्यात पोरं क्रिकेट खेळू लागली, आणि मल्लिकार्जुनच्या विहिरीत खडक उघडा पडला. त्याचा गुडघाही झिजला होता, चालवेना. दोन्ही मुलं पुण्याला. त्यांनी बापाला नेण्याचं ठरवलं, आणि वावर विकायचं.

गिऱ्हाईक आधीच लागलं होतं. वीटभट्टीवाला. पाऊस नाही, पीक नाही, मग वरची काळी माती कोरून भट्टीला न्यायची, हा त्याचा धंदा. दुष्काळात असली माणसं पिकतात. ऐकताच आप्पा उठून भावाच्या घराकडे निघाले. माती कोरायची म्हणजे लिंबाखालीही कोरणार. जगदेवीच्या विटा होणार!

"मल्लू, तू असं कसं करतो बे?" आप्पा भावाच्या ओसरीवर ओरडले.

"अण्णा, मी तुमालाच द्यायला तयार हाय," मल्लिकार्जुन मान खाली घालून म्हणाला. "तुमी घ्या. दुसऱ्याला देऊन मला तरी झोप लागंल का? पण पोरं थांबंनात. म्हैना संपायच्या आत काय ते करा."

आप्पांनी तिथल्या तिथे शब्द दिला. दुकान आणि माल एका व्यापाऱ्याला द्यायचा, राहतं घर ठेवायचं, आणि वावर घ्यायचं. हयातभर तराजू धरला, आता चार वर्षं लिंबाखाली बसू.

आणि व्यापारी माणूस तो. भाऊ असला म्हणून काय झालं? मुलगी बघायला आलेल्या आत्याने करावी तशी आप्पांनी वावराची तपासणी केली. ताजा सातबारा काढला. त्यावर मल्लिकार्जुनशिवाय कुणाचं नाव आहे का, बँकेचा नाहीतर सोसायटीचा बोजा आहे का, ते पाहिलं. मागचे फेरफार एकेक करून तलाठ्याकडून वाचून घेतले. जमीन इनामाची नाहीतर कुळाची असेल तर विकायला सरकारची परवानगी लागते, म्हणून तेही तपासलं. वावर निर्वेध निघालं. रजिस्ट्री ऑफिसात शोध घ्यायला लावला की मधल्या काळात भावाने कुठे लिहून तर दिलं नाही. बांध फिरून चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना विचारलं. पेपरात जाहीर नोटीस दिली. मल्लिकार्जुनची पोरं फोनवर कुरकुरली, पण आप्पा म्हणाले, "व्यवहार तो व्यवहार. पैसा द्यायच्या आधी बघायचं, दिल्यावर निस्तं रडायचं."

किती शहाणपणाचं बोलणं! सगळं बघितलं त्यांनी. एकच बघायचं राहिलं.

इसार द्यायच्या दिवशी आप्पा धुतलेलं धोतर नेसून माजलगावला गेले. सोबत मल्लिकार्जुन, जीपमध्ये पाय लांब करून. तहसीलच्या समोर बंकट वकिलाचं ऑफिस. बंकट हा दिंद्रुडचाच, लहानपणी आप्पांच्या दुकानातल्या गुळाच्या ढेपेला बोट लावून मार खाल्लेला. इसारपावती लिहून घ्यायची आणि मगच पैसे हातात ठेवायचे, म्हणून आप्पा त्याच्याकडे आले होते.

बंकटने आप्पांनी आणलेले सगळे कागद बघितले आणि खूश झाला. "आप्पा, वकिलाला कामच ठेवलं न्हाई तुमी." मग सहज हात पुढे केला. "आता तुमचा द्या."

"माझा काय?"

"सातबारा. न्हाईतर आठ-अ. घेणाराच्या नावाचा. कुठल्याबी गावचा चालंल, निस्ता महाराष्ट्रातला पाहिजे."

आप्पा हसले. मल्लिकार्जुनही हसला. "अरे, वावर घ्यायला आलोय मी. माझ्यापाशी सातबारा असता तर घ्यायला कशाला आलो असतो?"

बंकट हसला नाही. त्याने पेनाचं टोपण लावलं.

"आप्पा, तुमच्या नावावर कुठंच शेती न्हाई?"

"हे वावर माझ्या बापाचंच की! वारसाला माझं नाव लागलतं."

"लागलं, आन् हक्कसोडीनं निघालं. तुमीच सोडलं. आता वडील न्हाईत, नाव न्हाई, दुसरीकडं कुठं कसत न्हाई. मंग कायद्यानं तुमी शेतकरी न्हाई."

खोलीत पंखा फिरत होता. आप्पांना आधी वाटलं की पोरगं थट्टा करतंय. गुळाच्या ढेपेचा सूड काढतंय.

"मी शेतकरी न्हाई?" ते म्हणाले. "मी?"

"जे शेतकरी न्हाईत, शेतमजूरबी न्हाईत, त्यांना कलेक्टरच्या परवानगीबिगर शेतजमीन घेता येत न्हाई. हैदराबाद संस्थानच्या वक्ताचा कूळकायदा हाय, आपल्या मराठवाड्याला तोच लागू. विकत न्हाई, बक्षीस म्हणूनबी न्हाई."

आप्पांनी खिशातून पाकीट काढलं. पाकिटाच्या मागच्या कप्प्यात सोसायटीची शेअरची पावती होती, घडी पडून पडून कापडासारखी झालेली. ती त्यांनी टेबलावर ठेवली. गावात कुणाला शेतकरी म्हणायचं आणि कुणाला नाही, हे या सोसायटीच्या कट्ट्यावर ठरत आलं होतं, आणि त्या कट्ट्यावर आप्पा संचालक म्हणून बसले होते. याहून मोठा पुरावा काय असतो?

"आप्पा, सोसायटीत आपला कुंभार हाय, लोहार हाय. सभासद व्हायला रान लागतंच असं न्हाई. ह्या पावतीनं शेतकरी होता येत न्हाई."

"अरे पर कावून? कायदा केला तरी कशासाठी असला?" आप्पांचा आवाज बाहेरच्या टपरीपर्यंत गेला. "शेतकऱ्याला बी मी दिलं. पेंड मी दिली. मलाच वावर न्हाई?"

सांगावं की नाही, असं बंकटच्या तोंडावर दिसत होतं. मग त्याने सांगितलं, आणि माझ्या मते सांगितलं ते बरंच केलं, कारण गोड बोलून गाळात घालणारे वकील काही कमी नाहीत.

"दुष्काळात शेतकरी अडला की रान जायचं कुणाकडं? सावकाराकडं न्हाईतर दुकानदाराकडं. ते काय नांगर धरत नव्हते. कसणारा कूळ व्हायचा आन् गादीवर बसणारा मालक. ते थांबावं, कसायचं रान कसणाराकडंच राहावं, म्हणून हा कायदा झाला. आप्पा, राग मानू नका, पण हा कायदा दुकानदारापासून शेतकऱ्याला वाचवायलाच हाय."

आप्पांना कुणीतरी भर पेठेत मुस्काटात मारल्यासारखं झालं. ज्या गोष्टीचा जन्मभर गर्व केला, की आपण कुणाच्या रानावर डोळा ठेवला नाही, त्याच गोष्टीचा सरकारी संशय त्यांच्यावर होता, आणि तो त्यांच्या जन्माआधीपासून होता. मल्लिकार्जुनने पाण्याचा गिलास पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"आन् तो वीटभट्टीवाला?" त्यांनी विचारलं.

"त्यानं सातबारा आधीच दाखवलाय मला. आष्टीकडं माळ हाय त्याच्या नावावर."

"त्या माळावर काय पिकतं?"

"दगड. पण नाव हाय."

म्हणजे दगड ज्याच्या नावावर तो शेतकरी, आणि ज्याच्या बियाण्यावर अर्धं दिंद्रुड हिरवं होतं तो नाही! आप्पांना संताप आवरेना. त्यांनी एकेक वाट विचारून बघितली आणि बंकटने एकेक बंद केली. तशीच रजिस्ट्री करून टाकू? एखाद वेळेस होऊनही जाईल, पण फेरफाराच्या वेळी तलाठी विचारणार. आणि पुढे कुणी अर्ज केला तर तहसीलदार व्यवहार बेकायदा ठरवणार, जमीन सरकारकडे जाणार आणि पैसा गेलेला परत यायचा नाही. लिंबाखालचा तुकडा तेवढा तोडून घेऊ? एवढ्याशा तुकड्याची रजिस्ट्री होत नाही, आणि झाली असती तरी घेणारा पुन्हा आप्पाच. कलेक्टरची परवानगी? ती कारखान्याला, धंद्याला मागतात. बायकोच्या समाधीसाठी कुणाला मिळाल्याचं बंकटने ऐकलं नव्हतं, आणि महिना तर संपत आला होता.

"म्हणून इसाराच्या आधी विचारलं," बंकट हळू आवाजात म्हणाला. "लोक वावराची कुंडली बघतात आन् स्वतःची विसरतात. तुमचा पैसा तरी तुमच्यापाशी हाय."

पैसा! आप्पांनी पिशवीकडे असं बघितलं, जणू त्यात गोवऱ्या भरल्या आहेत. ते उठले, टोपी घातली, आणि भावाला न सांगता चालू लागले. मल्लिकार्जुन लंगडत दारापर्यंत आला, "अण्णा, अण्णा" म्हणत. आप्पांनी मागे वळून पाहिलं नाही. भावाचा राग नव्हता. त्यांना आठवत होती ती सही, आणि त्यानंतरचं एका ताटातलं जेवण. आपण भावाला वावर देत नव्हतो, आपल्याच पायाखालची माती काढून देत होतो, आणि वर श्रीखंड खात होतो.

लेक शिवकांता माजलगावजवळच्याच एका गावात दिलेली. कालव्याकाठचं, ऊस पिकवणारं घर. आप्पा तिथे पोचले तेव्हा ती वाळलेल्या उसाची वैरण तोडत होती. बापाचा चेहरा बघून तिच्या हातातला विळा खाली पडला.

"आप्पा, काय झालं? काकाला काय झालं का?"

आप्पा ओसरीवरच्या बाजेवर बसले आणि सांगू लागले. सांगता सांगता "तुझ्या आईच्या विटा करणार गं" म्हणाले आणि ढसाढसा रडले. शिवकांताने बापाला आई गेली तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. ती हादरून गेली. पण ती जगदेवीची लेक, फार वेळ हादरून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"आप्पा," ती म्हणाली, "वकिलानं सातबारा मागितला ना? माझ्या नावावर हाय की."

आप्पा तिच्याकडे बघत राहिले.

ही गोष्ट ते विसरले नव्हते. विसरल्यासारखं केलं होतं. शिवकांताच्या लग्नानंतर तिच्या सासऱ्याने रान वाटून बायका-सुनांच्या नावावर केलं होतं. त्यात सुनांचं कौतुक कमी आणि साखर कारखान्याची निवडणूक जास्त. सहकारी कारखान्यात एका सभासदाला एकच मत. ज्याच्या नावावर ऊस तो सभासद. मग जितकी नावं तितकी मतं. मराठवाड्यातल्या कितीतरी बायका अशा एका मतासाठी जमिनीच्या मालक झाल्या. आप्पांना हे कळलं तेव्हा ते तावातावाने जगदेवीला घेऊन इथेच, याच ओसरीवर आले होते. "लेकीच्या नावावर रान कशाला? उद्या लोक म्हणतील बापानं शिकवलं. शिवे, न्हाई म्हण," असं त्यांनी बजावलं होतं. जगदेवीने लेकीच्या चुलीपुढून तेवढंच म्हटलं होतं, "घे गं नाव. बापाचं ऐकू नको." आणि शिवकांताने आईचं ऐकलं.

पुढचं काम कागदाचं होतं आणि ते सुरळीत झालं. आप्पांनी ठरल्याप्रमाणे दुकान दिलं आणि तो पैसा लेकीच्या खात्यात घातला. बंकटने शिवकांताचा सातबारा आणि आठ-अ तपासला, दोन्हीवर नाव तिचं स्वतःचं आहे आणि आधार कार्डाशी जुळतं आहे ते पाहिलं, आणि मगच इसारपावती लिहिली. वीटभट्टीवाल्याने दोन दिवस फोन केले, तिसऱ्या दिवशी दुसरं रान शोधलं.

रजिस्ट्रीच्या दिवशी आप्पा साक्षीदार म्हणून गेले. खिडकीपलीकडच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "नाव? वय? धंदा?"

"शेती," आप्पांच्या तोंडून गेलं. सोसायटीत, बँकेत, सगळीकडे हेच सांगायची सवय. मग ते एकदम थांबले. अंगावर पाल पडावी तसे दचकले. बंकट बघत होता, मल्लिकार्जुन बघत होता.

"व्यापार," आप्पा म्हणाले. "व्यापार लिव्हा."

फेरफार मंजूर झाल्यावर एका सोमवारी बापलेक वावरात आले. पाऊस अजून नव्हता. जमीन तापली होती आणि लिंबाची सावली तेवढी थंड होती. शिवकांताने समाधीवर पाणी घातलं, आप्पांनी बेल ठेवला. आज त्यांनी जगदेवीला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं एकच होतं, की तू म्हणाली होतीस, आणि ते तिला ठाऊकच होतं.

ते उभे राहिले, पण निघेनात. टोपी काढून हातात धरली. उधारी मागायला ओट्याशी आलेला माणूस जसा घुटमळतो, तसे घुटमळले. आयुष्यभर त्यांनी असं घुटमळणं काऊंटरच्या आतून पाहिलं होतं.

"शिवे, एक मागायचं होतं."

"काय, आप्पा?"

त्यांनी समाधीच्या डाव्या अंगाची रिकामी जागा दाखवली. "हितं. माझी वेळ आली की. देशील का?"

शिवकांताला क्षणभर काही कळलंच नाही. मग कळलं, आणि तिने तोंडावर पदर दाबला.

"आप्पा! विचारता कावून असं? तुमचंच हाय की समदं!"

"न्हाई गं," आप्पा म्हणाले. "वावर तुझं हाय. विचारावंच लागतं."